अकरा विरुद्ध पाच

गडचिरोलीत आमची संस्था लहानच होती. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या तीन खोल्या, एक जीप आणि आम्ही पाच माणसं. काम सिकलसेलचं, आईबापांकडून लेकरांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. गावोगावी तपासणीची शिबिरं घ्यायची, ज्यांच्या रक्तात तो आजार निघेल त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवायचं, आणि जे नुसते वाहक असतील त्यांना समजावून सांगायचं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला आजाराचा धोका चारात एक असतो. म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासायचं. दोघांनी. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही म्हणू शकेन.

मी आरमोरीची. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, घरात कोणी दवाखान्याच्या कामात नाही. नागपूरला शिकले, तिथंच एका जाहिरातीच्या ऑफिसात दोन वर्षं लोकांच्या पोस्ट लिहिल्या, आणि अम्मीचं दुखणं वाढलं तेव्हा घराजवळ काहीतरी बघावं म्हणून या संस्थेत आले. माझं काम संस्थेचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम सांभाळायचं. शिबिर कुठं, कधी, कशासाठी हे लोकांपर्यंत पोचवायचं, आणि आलेल्या मेसेजना उत्तरं द्यायची. फोनवर बोलायचं काम बाई करायच्या. बाई चामोर्शीच्या पलीकडच्या जंगलपट्टीतल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. घरी गोंडी बोलायच्या, आमच्याशी झाडीपट्टीतलं मराठी. संस्थेच्या प्रमुखांना सगळे भाऊच म्हणत. भाऊंनी वीस वर्षं या भागात पायपीट केली होती. त्यांच्याविषयी मी पुढं जे सांगणार आहे त्यात हे विसरू नये असं मला वाटतं.

चामोर्शीच्या शिबिराची पोस्ट करायची होती. फोटो एकच: एक बोट, त्यावर रक्ताचा थेंब. खाली मी लिहिलं होतं, "सिकलसेलची तपासणी. एक थेंब रक्त, पैसे नाहीत. लग्न ठरत असेल तर मुलगा-मुलगी दोघंही या."

भाऊंनी वाचलं आणि मान हलवली. "हे सरकारी पत्रकावानी वाटते. लोकं अंगठा फिरवून पुढं जातीन." त्यांनी स्वतः दुसरं लिहिलं: "तुमच्या मुलीच्या रक्तात काय लपलं आहे? लग्नाआधी माहीत करून घ्या."

"मुलीच्याच का, भाऊ?" मी विचारलं.

"अवं, वाचून माणूस थांबला पायजे. आधी थांबू दे, मंग दोघांचं सांगू."

बाई चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "भेव दाखवल्याबिगर कोनी येत नाई, पोरी. मी बी तेच करतो फोनवर."

म्हणजे मी एकटी पडले. मग मी म्हटलं, आपण तपासून बघू. आधी आम्ही कधी सकाळी एक मजकूर, संध्याकाळी दुसरा असं टाकायचो आणि कुठल्याला जास्त लाइक आले ते बघायचो. त्यातून काहीच कळत नसतं. सकाळी माणसं धानाच्या बांधीत असतात, संध्याकाळी घरी असतात. एखाद्या दिवशी आठवडी बाजार, एखाद्या दिवशी लाइट नाही. मजकुरामुळं फरक पडला की वेळेमुळं, सांगता येत नाही. म्हणून मी जाहिरातीतली दुसरी सोय वापरली. फोटो तोच, बटन तेच, दिवस तेच, फक्त मजकूर वेगळा. फेसबुक बघणारी माणसं आपणहून चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटून देतं. अर्ध्यांना एक दिसतं, अर्ध्यांना दुसरं, कोणालाही दोन्ही दिसत नाहीत. मोजायचं काय तेही आधीच ठरवलं: लाइक नव्हे, बटन दाबून किती जणांनी मेसेज केला ते. आणि चार दिवस चालू द्यायचं, मध्ये थांबवायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी भाऊ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्यांच्या मजकुरावर सात मेसेज आले होते, माझ्यावर एक.

"झालं तं मंग," ते म्हणाले. "बंद कर तुझं. सगळा जोर याच्यावर लाव."

"भाऊ, आठच माणसं आहेत. चार दिवस ठरलंय ना."

"सात-एक म्हन्जे काय कमी हाय का?"

मी त्यांना सांगितलं की मधेच डोकावून, आपल्याला आवडेल त्या क्षणी थांबलं तर कुठलाही मजकूर जिंकवता येतो. खेळ सुरू झाल्यावर कोणीतरी कधीतरी पुढं असतंच. ते कुरकुरले, पण थांबले. चार दिवसांनी आकडा झाला अकरा विरुद्ध पाच. दोन्हीकडं साधारण सहाशे-सहाशे माणसांनी पोस्ट पाहिली होती. सात-एकनंतर भर पडली ती चार-चार, म्हणजे नंतरच्या तीन दिवसांत दोन्ही मजकूर अगदी बरोबरीत होते. मला वाटलं, हे बघून तरी भाऊंच्या लक्षात येईल.

"तरी दुपटीच्या वर हाय," ते म्हणाले.

मग मी खिशातून नाणं काढलं. सोळा मेसेज आले ना, म्हटलं, तर सोळा वेळा उडवा. छापा-काटा. नाण्याला मजकूर वाचता येत नाही. ऑफिसातले पाचही जण उडवायला बसलो. माझं नऊ-सात आलं. बाईंचं आठ-आठ. हिशेब बघणाऱ्या ताईचं सहा-दहा. भाऊंचं सात-नऊ. शेवटी ड्रायव्हरभाऊंनी उडवलं, ते अकरा-पाच आलं, छापे अकरा. सगळे हसले. मी सांगितलं की हा चमत्कार नाही. सोळा वेळा उडवलं तर अकरा-पाच किंवा त्याहून एकतर्फी निकाल, या बाजूनं नाहीतर त्या बाजूनं, पाच खेपांत साधारण एकदा येतोच. तेव्हा आपल्या अकरा-पाचवरून मजकूर चांगला की नशीब चांगलं हे सांगता येणार नाही.

भाऊ हसता हसता थांबले. "एक विचारू? तुझं वाक्य अकरावर असतं, तर काढलं असतं का हे नानं?"

मी नाणं परत खिशात टाकलं. 

पण मी हट्ट सोडला नाही. पुढच्या पोस्टला मी दोन्ही गटांना अक्षर न अक्षर तोच मजकूर दाखवला. तोच फोटो, तोच स्वल्पविराम. निकाल आला बारा विरुद्ध सहा. एकाच वाक्यानं स्वतःलाच दुपटीनं हरवलं होतं. मी ते भाऊंना दाखवलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. "मानलं. तुझं बराबर हाय. एवढ्या आकड्यात काईच दिसत नाई."

त्या दिवशी मी खुशीत घरी गेले. आरमोरीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं तरी काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या कामाला मदत देणाऱ्या पुण्याच्या संस्थेबरोबर व्हिडिओवर बैठक होती. तिकडच्या मॅडम चांगल्या होत्या, घाईत होत्या. त्यांना आमच्यासारख्या दहाबारा संस्थांचं ऐकायचं होतं. त्यांनी विचारलं, "डिजिटलमधून तुमचं या वेळचं शिकणं काय?"

भाऊ क्षणभर माझ्याकडं वळले. काहीच कळलं नाही, हे आमचं शिकणं होतं. पण मदत देणाऱ्या माणसासमोर ते वाक्य कोणाला बोलता येतं? भाऊ म्हणाले, "दोन मजकूर तपासले, मॅडम. मुलीचा उल्लेख असलेल्याला दुपटीहून जास्त प्रतिसाद आला."

"किती टक्के वाढ?"

मी माइक चालू करून म्हटलं, "मॅडम, आकडे फार लहान आहेत. पाच आणि अकरा."

"म्हणजे एकशेवीस टक्के," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हिशेब बरोबर केला होता. "छान. हे आपण बाकीच्यांनाही सांगू या."

मी पुन्हा बोलले, नाण्याचं, बारा-सहाचं. आमचं नेट तुटत तुटत चालत होतं. त्यांच्यापर्यंत किती पोचलं माहीत नाही. "हो हो, मर्यादा खाली लिहू," एवढं ऐकू आलं आणि पुढच्या संस्थेची पाळी आली. नंतर जे सादरीकरण सगळ्यांना पाठवलं गेलं त्यात एक मोठा बाण होता, वर चढणारा, आणि त्यावर एकशेवीस टक्के. अकरा नव्हते, पाच नव्हते. मर्यादाही कुठं दिसली नाही. टक्क्याच्या मागं किती माणसं उभी आहेत हे टक्का कधी सांगत नाही.

भाऊ बैठकीनंतर माझ्याशी नजर टाळून बोलले. "काही तं सांगावं लागते ना."

वाक्य पसरलं. चामोर्शीच्या चौकात बॅनर लागला, आठवडी बाजारात ऑटोवर भोंगा लावून तेच वाक्य फिरलं, चंद्रपूरकडच्या दुसऱ्या एका संस्थेनं आपल्या पेजवर तेच घेतलं. चामोर्शीच्या पुढच्या शिबिराला गर्दी झाली. भाऊंनी दुरूनच मला रांग दाखवली. पण मागचं शिबिर धानाच्या रोवणीच्या दिवसांत होतं, तेव्हा माणसं चिखलातून वर आली नव्हती, आणि हे धान कापून झाल्यावरचं. शिवाय भोंगा या वेळी पहिल्यांदाच फिरला होता. रांग कशामुळं लांबली हे मलाही सांगता येत नव्हतं, त्यांनाही नाही. मला दिसत होतं ते एवढंच की बाप लोक पोरी घेऊन आले होते. पोरगे फारसे नव्हते. आधीही पोरगे कमीच यायचे का? मी आठवायचा प्रयत्न केला. आम्ही वेगळं मोजून ठेवलेलं नव्हतं.

त्या रांगेत एक मुलगी होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं गडचिरोलीला येणारी. तिचं लग्न ठरलं होतं. बापानं बॅनर वाचून आणलं होतं. बोट टोचताना ती हसत होती, मला म्हणाली, "मॅडम, परीक्षेपेक्षा सोपं हाये हे." पहिल्या तपासणीत संशय आला, मग पक्की तपासणी झाली. ती वाहक निघाली. बाईंनी तिला आणि तिच्या बापाला शांतपणे समजावलं: आजार नाही, गोळी नाही, काही नाही. आता फक्त त्या मुलाची तपासणी करा. त्याच्या रक्तात हे नसलं तर कुठल्याच लेकराला हा आजार होणार नाही.

दोनेक आठवड्यांनी बाईंना तिचा फोन आला. मुलाकडच्यांनी लग्नाला नकार दिला होता. मुलगा तपासायला गेलाच नव्हता.

बाई आणि मी जीपनं त्या मुलाच्या गावी गेलो. घोटच्या रस्त्यानं आत, सागाच्या जंगलातून. मुलगा घरी नव्हता. त्याची आई अंगणात टोऱ्या फोडत बसली होती, मोहाच्या बिया. तिनं आम्हाला बसायला बाज टाकली, पाणी दिलं. बाई तिच्याशी गोंडीत बराच वेळ बोलल्या. मला शब्द कळत नव्हते, पण बाईंचा हात चार बोटं दाखवून एक दुमडत होता, म्हणजे चारात एक चाललं होतं. शेवटी मी मराठीत म्हटलं, "मावशी, एकदा मुलाचं रक्त तपासू द्या. त्याच्यातही असू शकतं. नसलं तर हे लग्न व्हायला काहीच हरकत नाही."

मुलाची आई रागावली नाही. तिनं टोऱ्या फोडायचा दगड बाजूला ठेवला आणि समजूत घालावी तशी मला म्हणाली, "त्याच्यात कायचं राहीन, बाई? हे पोरीचंच असते ना. तुमच्याच बोर्डावर लिवलं हाये. चामोर्शीत पाह्यलो आम्ही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. परतताना जीपमध्ये त्या एकच वाक्य बोलल्या: "भेव दाखवलं, पन भेव भलतीकडं गेलं."

वाटेत आम्ही त्या मुलीकडंही थांबलो. तिचा बाप मान खाली घालून बसला होता. ती मात्र थेट विचारत होती. "त्याले तपासलं का, मॅडम?"

"नाही."

"मंग मलेच काऊन?"

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, वाहक म्हणजे काय, ती आजारी नाही, पुढं जे कोणी स्थळ येईल त्याला तपासायला सांगायचं. ती ऐकत राहिली. तिला हे सगळं आधीच पाठ होतं. तिचा प्रश्न तो नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते वाक्य काढा म्हटलं. माझा आवाज चढला होता.

भाऊंनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "एका घरावरून? सोळा माणसं तुले कमी वाटत होती. हे तं एक हाय."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. आणि हिशेबानं ते बरोबर होते. बॅनर नसता तरी त्या घरानं नाही म्हटलं नसतं कशावरून? पोरीच्या अंगावर दोष टाकायला लोकांना आमच्या बॅनरची गरज कधीपासून लागली? ज्या नियमानं मी त्यांचे अकरा मेसेज नाकारले, त्याच नियमानं माझी एक मुलगीही पुरावा ठरत नव्हती. मी तिथं उभी राहून हे सगळं मनात तपासत होते आणि मला स्वतःचीच चीड येत होती.

शेवटी मी म्हटलं, "भाऊ, आकडे बाजूला ठेवा. आकड्यांतून काहीच दिसत नाही, हे तुम्हीच मान्य केलं होतं. मग ज्यात खरं पूर्ण सांगितलंय ते वाक्य का नको? तपासणी दोघांची असते. आपलं वाक्य एकाचंच नाव घेतं."

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. "लिहितो मॅडमले," म्हणाले. आणि खरंच लिहिलं. मी ती मेल पाहिली. उत्तर दुसऱ्याच कोणाचं आलं, त्यांच्या प्रसिद्धी विभागातलं, नम्र आणि छोटं: हा मजकूर चाचणीत सिद्ध झालेला आहे, अनेक संस्था वापरत आहेत, पुराव्याशिवाय बदलणं योग्य होणार नाही.

पुरावाच हवा असेल तर पुरावा, म्हणून मी मोठ्या चाचणीची मागणी केली. कागदावर मांडून दिलं. शंभरातला एक माणूस मेसेज करतो असं धरलं आणि दुसऱ्या मजकुरानं तो दीड होतो का हे खात्रीनं बघायचं असेल, तर एका बाजूला आठ हजारांच्या आसपास माणसं लागतात. आमच्या सहाशेत ते दिसणं शक्यच नव्हतं. आश्चर्य म्हणजे त्यांनी हो म्हटलं. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे धरून चाचणी लावली. त्यांचं वाक्य आणि माझं, दोघंही या म्हणणारं. दोन्ही गटांना आठ हजारांवर माणसं मिळेपर्यंत मी मधले आकडे उघडून पाहिले नाहीत. पाहावंसं वाटायचं तेव्हा उठून बाहेर जायची.

निकाल आला. त्यांच्या वाक्यावर चौऱ्याण्णव मेसेज, माझ्यावर अठ्ठ्याऐंशी.

म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. एखादा बारीक फरक लपलेला असू शकेल, या बाजूचा किंवा त्या बाजूचा, पण ती दुप्पट, तो वर चढणारा बाण, तो कुठंच नव्हता. मी हे स्पष्ट लिहून पाठवलं. लिहिताना वाटत होतं, आता कोणी नाही म्हणू शकणार नाही. दोन्ही वाक्यं सारखीच माणसं आणतात, तर कोणाची बदनामी न करणारं घ्या.

उत्तर आलं: सविस्तर कामाबद्दल आभार. फरक नसल्यामुळं बदलाचं कारण दिसत नाही. छापलेलं साहित्य पुढं चालू ठेवू.

भाऊंनी ते वाचून चष्मा काढला. त्यांच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. आमच्या स्वतःच्या पेजवर त्यांनी मला माझं वाक्य लिहायची मोकळीक दिली. बॅनर, भोंगा, बाकीच्या संस्था, ते सगळं आहे तसंच राहिलं. आमचं पेज बघणारी माणसं किती, आणि चौकातून जाणारी किती.

परवा आरमोरीजवळच्या एका गावात शिबिर होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावलं होतं. एक बाप मोटारसायकलवर आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन आला, मुलगी मागं, मुलगा तिच्याही मागं. बाईंनी पुढं होऊन दोघांची नावं विचारली.

"हिचंच लिवा," बाप म्हणाला. "त्याले कामावर जायचं हाये."

"पाच मिनिटं लागते, दादा," बाई म्हणाल्या. "दोघांचं करून घ्या."

"हिचं करा ना आधी."

मुलगा गाडीवरच बसून राहिला, मोबाइलवर काहीतरी बघत. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, तो लाजून हसला आणि "पुढच्या टायमाले" म्हणाला. मी मागं वळले तेव्हा मुलीनं हात पुढं केला होता आणि बाई तिच्या बोटाला कापूस लावत होत्या.